मंगळाची यानं दर सव्वीस महिन्यांनीच का सुटतात?

गौराई_नाशिक

लेक सातवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने भिंतीवर एक लांबलचक कागद लावलाय आणि मंगळाकडे निघालेल्या यानांच्या तारखांवर लाल टिकल्या चिकटवल्यात. नोव्हेंबर २०११, नोव्हेंबर २०१३, मार्च २०१६, मे २०१८, जुलै २०२०. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन टिकल्यांचा पुंजका आणि मधली वर्षं पार कोरडी. काल जेवताना विचारते, "आई, २०१२ मध्ये सगळ्या देशांना सुट्टी होती का?" मी "विंडो असते" असं काहीतरी पुटपुटले. पण ही विंडो उघडतं कोण आणि बंद कोण करतं, ते मलाही सांगता आलं नाही. सातवीतल्या मुलीला कळेल असं कुणी सांगेल का?

सह्याद्रीचा_वारा

यात अवघड काही नाही. साधारण सव्वीस महिन्यांनी पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या जवळ येतात. एरवी मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला की अंतर चाळीस कोटी किमीपर्यंत जातं, जवळ आला की सहा ते दहा कोटींवर येतं. अंतर कमी तर इंधन कमी. पुण्याहून सातारा गाठायला जेवढं पेट्रोल लागतं त्यात नागपूर होत नाही, तसंच हे. म्हणून मंगळ सर्वात जवळ आला की यान सोडतात.

फुकटफौजदार

विंडो म्हणाल तर ती रोज असते हो, आणि पाच-दहा मिनिटांचीच असते. मी स्वतः श्रीहरिकोट्याला लाँच बघायला गेलो होतो. पहाटे तीनला उठवलं, बसमध्ये कोंबलं आणि अर्ध्या वाटेत कळलं की लाँच पुढे ढकललं. ट्रॅव्हलवाल्याने एक रुपया परत केला नाही. वर म्हणतो कसा, "साहेब, रॉकेट आमचं नाही."

परिघ

फौजदार, तुमचे पैसे गेले त्याचं वाईट वाटलं, पण तुमची विंडो घड्याळातली आहे आणि गौराईंची कॅलेंडरातली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे लाँचपॅड योग्य दिशेला ठरावीक वेळीच येतो. ती तुमची पाच मिनिटं. गौराईंचा प्रश्न दोन वर्षांच्या खंडाचा आहे.

वारा यांचे सव्वीस महिने बरोबर आहेत, पण कारण चुकलंय. आपल्याच मंगळयानाच्या तारखा लावून बघा. त्या फेरीत मंगळ सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत आला ८ एप्रिल २०१४ ला. अंतर तेव्हा सव्वानऊ कोटी किमीच्या आसपास होतं. मंगळयानाने पृथ्वीची कक्षा सोडली १ डिसेंबर २०१३ ला, म्हणजे चार महिने आधीच, आणि ते पोचलं २४ सप्टेंबर २०१४ ला. त्या दिवशी मंगळ आपल्यापासून २२ कोटी किमीवर होता, संदेश यायला साडेबारा मिनिटं लागत होती. म्हणजे मंगळ सर्वात जवळ होता तेव्हा यान ना पृथ्वीजवळ होतं, ना मंगळाजवळ. ते वाटेत होतं. अंतरावर इंधन ठरत असतं तर असा उफराटा कारभार कुणी केला नसता.

सह्याद्रीचा_वारा

हं. तारखा बघता माझं गणित हुकलं. पण मग इंधन ठरतं कशावर? किलोमीटरवर नाही तर कशावर?

नानासाहेब_मिरज

परिघ यांनी एप्रिल २०१४ म्हटलं आणि गच्ची आठवली. चित्रेच्या जवळ लालबुंद मंगळ होता, रोज रात्री नऊला दुर्बीण लावून बसायचो. त्या वर्षी मार्चपासून मे महिन्यापर्यंत मंगळ वक्री होता. जुन्या डायऱ्या काढून पाहिलं, २०२० लाही तेच: यानं गेली जुलैत, मंगळ वक्री झाला सप्टेंबरात. म्हणजे वक्री व्हायच्या आत यान काढायचं! इस्रो पंचांग बघते असं मी म्हणत नाही, पण मेळ बसतो खरा.

परिघ

नानासाहेब, मेळ बसतो कारण दोन्हींचं मूळ एक आहे. वक्री दिसणं म्हणजे मंगळ मागे फिरणं नव्हे. आतल्या ट्रॅकवरून आपण त्याला मागे टाकतो, म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो. यान निघतं ते आपण मंगळाला गाठायच्या आधी, मंगळ अजून पुढे असताना. म्हणून पंचांगात वक्री मंगळ दिसला की समजायचं, त्या फेरीची गाडी सुटली.

आता वारा यांचा प्रश्न. अवकाशात इंधन लागतं ते वेग बदलायला. अंतर कापायला काहीच लागत नाही. मंगळयान पृथ्वीच्या कक्षेतून बाहेर पडताना मुख्य इंजिन चाललं सुमारे २२ मिनिटं. पुढचे २९८ दिवस, मधल्या किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर, इंजिन बंद. दगड भिरकावल्यासारखं यान सूर्याभोवती आपोआप जात राहतं.

टर्बो

मग सरळ रेषेत का नाही भिरकावत? मंगळ समोर आहे, नाक तिकडे करा, मोठं रॉकेट लावा, विषय संपला. ही विंडोबिंडो गरिबाघरची भाषा वाटते.

परिघ

सरळ रेषेत जाताच येत नाही, कारण तुम्ही उभे नाही आहात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला २९.८ किमी वेगाने पळते आणि तिच्यावरचं प्रत्येक यान तो वेग घेऊनच जन्माला येतं. चालत्या एसटीतून बाहेरच्या माणसाच्या हातात पिशवी द्यायची असेल तर तुम्ही ती आडवी फेकत नाही. एसटीच्या वेगानेच ती पुढे जाणार हे धरून सोडता. मंगळाकडे नाक करून सरळ जायचं तर आधी हे फुकट मिळालेले तीस किमी मारून टाकावे लागतील. तसं रॉकेट कुणाकडेही नाही.

स्वस्त वाट अशी: पृथ्वी ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने थोडा जादा वेग द्यायचा. २९.८ चे ३२.७ झाले, म्हणजे जेमतेम तीन किमीची भर पडली, की यानाची वाट पृथ्वीच्या वर्तुळाला चिकटून न राहता बाहेर फुगते. ती लंबवर्तुळ होते. एका टोकाला ती पृथ्वीच्या कक्षेला नुसती टेकते, बरोबर समोरच्या टोकाला मंगळाच्या कक्षेला नुसती टेकते. दोन्हीकडे छेद नाही, फक्त स्पर्श. स्पर्श असला की दोन्ही वाटांची दिशा तिथे एकच असते, त्यामुळे वळायला इंधन जात नाही. वाल्टर होमान या जर्मन अभियंत्याने १९२५ मध्ये हे मांडलं, म्हणून हिला होमान कक्षा म्हणतात.

गंमत पुढे आहे. या वाटेवर यान चढावरच्या सायकलसारखं मंदावत जातं. मंगळाच्या कक्षेपाशी त्याचा वेग साडेएकवीसवर आलेला असतो आणि मंगळ चोवीसने धावत असतो. म्हणजे तिथे यान मंगळाला गाठत नाही, मागून येणारा मंगळच यानाला गाठतो.

गौराई_नाशिक

इथपर्यंत लेकीला कळलं. "आई, मंगळ येतो आणि उचलून घेतो" असं तिचं भाषांतर. पण मग ही वाट कधीही पकडता येईल की. रोज पृथ्वी पळतेच आहे, रोज तीन किमीचा धक्का द्या.

परिघ

वाट रोज पकडता येते, त्या टोकाला मंगळ मात्र रोज नसतो! खिडकी म्हणजे एवढंच.

हिशोब तिच्याकडून करून घ्या, कागद-पेन्सिलीत होतो. या अर्ध्या लंबवर्तुळाला २५९ दिवस लागतात. मंगळ दिवसाला साधारण ०.५२४ अंश सरकतो, म्हणजे २५९ दिवसांत १३६ अंश. यान निघतं तिथून अर्धी फेरी, म्हणजे १८० अंश पुढे जाऊन पोचणार. तेव्हा यान निघताना मंगळ १८० वजा १३६, म्हणजे ४४ अंश पुढे असला पाहिजे. ना शंभर, ना शून्य.

हे ४४ अंश पुन्हा कधी येणार? पृथ्वी दिवसाला ०.९८६ अंश सरकते, मंगळ ०.५२४. फरक ०.४६२. एकदा हुकलं की पृथ्वीने मंगळावर पूर्ण एक फेरी चढवल्याशिवाय तीच रचना येत नाही. ३६० भागिले ०.४६२, म्हणजे जवळजवळ ७८० दिवस. तिच्या भिंतीवरच्या कोऱ्या पट्ट्या याच.

अबोली

वाचतेय, छान चाललंय. पण एक खटकलं. एका अवकाशाच्या गेममध्ये मी हे शेकडो वेळा केलंय, तिथे ४४ अंशांवर निघालं की हमखास पोचतं. खऱ्या आकड्यांत तसं दिसत नाही. मंगळयानाला २९८ दिवस लागले, पर्सिव्हरन्सला ३० जुलै २०२० ते १८ फेब्रुवारी २०२१ म्हणजे २०३. २५९ सर्वात स्वस्त असेल तर २५९ कुणीच का घेत नाही?

परिघ

चांगला पकडलात. मी वर सांगितलं ते सपाट ताटावरचं गणित होतं. खरी कक्षा ताटात बसत नाही. मंगळाची कक्षा आपल्या कक्षेशी जवळपास १.८५ अंशांनी कललेली आहे. कोन किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानेही मंगळ आपल्या पातळीच्या लाखो किमी वर किंवा खाली असतो. आता निघण्याची जागा, सूर्य आणि पोचण्याची जागा हे तिन्ही बरोबर एका रेषेत हवेत आणि पोचण्याची जागा मात्र वर उचललेली, असं झालं की यानाची वाट आपल्या पातळीजवळ आडवी राहूच शकत नाही. वाट उभी करावी लागते, आणि वाट उभी करायची म्हणजे पुन्हा त्या फुकटच्या तीस किमीशी भांडण. म्हणून बरोबर १८० अंश टाळतात. अर्ध्या फेरीच्या थोडं आत पोचणं किंवा थोडं पलीकडे पोचणं, असे दोन पर्याय उरतात. पर्सिव्हरन्स आतलं, मंगळयान पलीकडचं. म्हणूनच मंगळयान निघालं तेव्हा मंगळ ४४ नाही, सत्तरएक अंश पुढे होता.

शिवाय मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे. सूर्यापासून कधी २०.७ कोटी किमी, कधी २४.९ कोटी. त्यामुळे सगळ्या खिडक्या सारख्या स्वस्त नसतात.

टर्बो

बरं, ही खिडकी भिंतीसारखी आहे का? म्हणजे एक दिवस उशीर झाला की संपलं?

परिघ

भिंत नाही, वाटीचा तळ समजा. तळाशी खर्च सर्वात कमी, आसपास काही दिवस फारसा चढत नाही, मग कडा उभी होत जाते. तुमच्या टाकीत किती जादा इंधन आहे त्यावर कुठपर्यंत चढता येईल ते ठरतं. २०१३ मध्ये नासाच्या मेव्हनला १८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर असे वीस दिवस होते. ऑक्टोबरात अमेरिकन सरकारचं कामकाज बंद पडलं तेव्हा त्या टीमच्या पोटात गोळा आला होता, कारण डिसेंबर चुकला असता तर थेट २०१६. सुदैवाने दोन-तीन दिवसांत विशेष परवानगी मिळाली. इनसाइटचं नशीब तेवढं नव्हतं. ते मार्च २०१६ ला जायचं होतं, पण भूकंपमापकाच्या निर्वात कवचात गळती निघाली. दुरुस्तीला काही महिने लागले असते, वाट पाहावी लागली मे २०१८ पर्यंत.

सह्याद्रीचा_वारा

मंगळयान तर ५ नोव्हेंबरला सुटलं होतं. तुम्ही १ डिसेंबर म्हणताय. महिनाभर काय केलं?

परिघ

याच प्रश्नाची वाट बघत होतो, कारण इंधन वाचवण्याची खरी कसरत त्या महिन्यात आहे.

पीएसएलव्हीची ताकद एवढी नव्हती की १३३७ किलोचं यान एका दमात मंगळाच्या वाटेला लावेल. त्याने ते पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं: जवळचं टोक अडीचशे किमीच्या आसपास, दूरचं साडेतेवीस हजार. मग ७ नोव्हेंबरपासून यानाचं छोटं इंजिन थोडं थोडं चालवत दूरचं टोक ताणत नेलं, शेवटी १ लाख ९२ हजार किमीपर्यंत. इंजिन चालवायचं ते दर वेळी जवळच्या टोकाशी, जिथे यान सर्वात जोरात पळत असतं.

तिथेच का? कारण आधीच वेगात असलेल्याला दिलेला धक्का जास्त ऊर्जा देतो. आकड्यात बघा. तीनशे किमी उंचीवर पृथ्वीतून सुटायला सेकंदाला सुमारे १०.९ किमी लागतात. तेवढेच दिले तर दूर गेल्यावर हातात शून्य उरतं. पण त्याच जागी ११.३ दिले, म्हणजे फक्त ४०० मीटर जादा, तर पृथ्वीच्या ओढीतून सुटल्यावर हातात जवळजवळ तीन किमी उरतात. मघाशी लागणारे तीन हेच. पृथ्वीपासून दूर जाऊन तेच तीन किमी द्यायचे म्हटले असते तर पूर्ण तीन किमीचं इंधन जाळावं लागलं असतं. शेवटचा १ डिसेंबरचा धक्का होता फक्त ६४८ मीटर प्रति सेकंदाचा.

अबोली

आणि ११ नोव्हेंबरला काहीतरी गडबड झाली होती ना?

परिघ

हो. चौथ्या खेपेला १३० मीटर प्रति सेकंद वेग वाढायचा होता, वाढला ३५. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालवून बघत होते, तेव्हा प्रवाहच थांबला. एक लाख किमीऐवजी दूरचं टोक ७८ हजारांवर अडकलं. दुसऱ्या दिवशी जादा खेप करून ते १ लाख १८ हजारांवर नेलं. घराजवळ फेऱ्या मारत असल्याचा हा फायदा. १ डिसेंबरला किंवा मंगळाशी ब्रेक लावताना असं झालं असतं तर दुसरा दिवस नव्हता.

अजून एक. यान खरं तर २८ ऑक्टोबरला सुटणार होतं. पॅसिफिकात चौथ्या टप्प्यावर नजर ठेवायला 'नालंदा' आणि 'यमुना' ही जहाजं पाठवली होती. खराब हवामानामुळे त्यातलं एक वेळेत पोचेना, म्हणून लाँच आठ दिवस पुढे गेलं. पृथ्वी सोडायची तारीख मात्र तसूभर हलली नाही. घरचे फेरे कमी केले, मंगळाची वेळ तीच ठेवली. खिडकी म्हणतात ती श्रीहरिकोट्याची नाही, इथली.

मेव्हनचं अ‍ॅटलस रॉकेट दणकट होतं. ते १८ नोव्हेंबरला उडालं ते थेट वाटेला लागलं आणि आपल्या दोन दिवस आधी मंगळावर पोचलं.

फुकटफौजदार

म्हणजे आपलं यान महिनाभर गल्लीत फेऱ्या मारत होतं! आमचा ट्रॅव्हलवाला हेच करतो, सीट भरेपर्यंत.

टर्बो

मी अजून हार मानलेली नाही. एस्कपेड! नासाची ती दोन छोटी यानं १३ नोव्हेंबर २०२५ ला सुटली. तेव्हा कुठली खिडकी होती? काही नाही. झाला ना नियम मोडून?

परिघ

नियम मोडला नाही, रांगेत आधी जाऊन बसले. ती मंगळाकडे निघालेलीच नाहीत. पृथ्वीपासून पंधरा लाख किमीवरच्या लाग्रांज बिंदूच्या परिसरात रेंगाळायचं, नोव्हेंबर २०२६ मध्ये पृथ्वीजवळून झपकन जायचं आणि तिथेच इंजिन पेटवून मंगळाची वाट धरायची, पोचायचं सप्टेंबर २०२७ ला, अशी योजना आहे. नोव्हेंबर २०२६ म्हणजे नेहमीचीच खिडकी.

टर्बो

पण रॉकेट खिडकीबाहेर उडालं हे खरं की नाही? रॉकेटच्या धंद्यात तेच महत्त्वाचं. लाँचपॅडवर सगळ्यांची एकदम झुंबड होणार नाही.

अबोली

मला टर्बोंचं पटतंय थोडं. "लाँच विंडो" आणि "निघायची विंडो" वेगळ्या काढल्या तर पहिली सैल करता येते. मंगळयानानेही लहान प्रमाणात तेच केलं की, महिनाभर.

परिघ

तेवढं मान्य. पण फुकट नाही, वर्षभर जादा यान जिवंत ठेवावं लागतं. आणि मोठ्या रॉकेटबद्दल: मंगळयानाच्या १३३७ किलोंपैकी ८५२ किलो इंधन होतं, सगळं करून मंगळाशी पोचल्यावर चाळीसएक किलो उरलं. त्या इंजिनाला आणखी तीन किमी प्रति सेकंद हवे असते तर तेच यान निघताना पावणेतीन पट जड लागलं असतं. भलत्या महिन्यात निघायची किंमत तीन किमीवरच थांबते असंही नाही.

टर्बो

अणुइंजिन आलं की बोलू.

परिघ

जरूर. तेव्हाही खिडकी रुंद होईल, नाहीशी होईल असं मला वाटत नाही. पण यावर पैज लावणार नाही.

गौराई_नाशिक

काल पार्किंगमध्ये खडूने केलं. मध्ये सूर्य, एक मीटरचं वर्तुळ पृथ्वीचं, दीड मीटरला दोन बोटं जास्त मंगळाचं. लंबवर्तुळ कसं काढायचं म्हणून परिघ यांना व्यनि केला होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सूर्यावर एक खिळा आणि तिथून ५२ सेंमीवर दुसरा, दोन्हीभोवती ३ मीटर ४ सेंमीच्या सुतळीचा फास. खडू ताणून फिरवला आणि खरंच, एका बाजूला आतल्या वर्तुळाला टेकला, दुसऱ्या बाजूला बाहेरच्या. वॉचमनकाका मंगळ झाले, मी पृथ्वी. माझी पाच पावलं की त्यांची चार. पहिल्यांदा ती माझ्याजवळून निघाली तेव्हा काका शेजारीच उभे होते, म्हणजे "सर्वात जवळ". ती पोचली तर काका अजून बरेच मागे राहिलेले. दुसऱ्या खेपेला काकांना आधी पुढे उभं केलं, तेव्हा बरोबर तिच्या अंगावर आले.

आता नवीन प्रश्न. मंगळावरून माणसं परत कशी येणार? तिकडूनही खिडकी लागते का? माझी पावलं मोजली तर ती पोचली तेव्हा मी काकांच्या बरीच पुढे गेले होते.

परिघ

लागते. ती पोचते तेव्हा पृथ्वी मंगळाच्या सुमारे ७५ अंश पुढे गेलेली असते, आणि परत निघताना ती ७५ अंश मागे हवी. म्हणजे तुम्ही काकांना आणखी २१० अंशांनी मागे टाकायचं. त्याच सपाट ताटावरच्या गणिताने भागाकार तिलाच करू द्या.

गौराई_नाशिक

२१० भागिले ०.४६२. तिने ४५४ दिवस काढले. आता वॉचमनकाकांना विचारतेय की तेवढे दिवस मंगळावर थांबाल का. काका म्हणाले, ड्युटी आठ तासांची आहे.